फोटोत केसांचा किंवा साडीचा रंग बदलण्याआधी चेहऱ्यावरचा उजेड एकसारखा करा

ठाण्यातल्या हॉलमधला हळदीचा फोटो घ्या, एका गालावर खिडकीचा निळसर उजेड, दुसऱ्यावर पिवळा बल्ब. असाच फोटो घेऊन केस ब्राऊन केले की अर्धे केस नारिंगी दिसतात आणि मग आपण केसांचाच रंग बदलत बसतो.

लाइटरूम या फोटो एडिटिंग ॲपमध्ये मी असं करते:

1. खिडकीच्या बाजूला पांढरं काही असेल, कुर्ता किंवा रुमाल, त्यावर व्हाइट बॅलन्सचा आयड्रॉपर टॅप करा, म्हणजे ॲप तो रंग पांढरा धरून फोटो जुळवेल. आता ती बाजू नीट दिसेल, दुसरी अजूनच पिवळी होईल, होऊ दे.

2. पिवळ्या बाजूवर मऊ ब्रशने मास्क रंगवा, म्हणजे बदल तेवढ्याच भागात होईल; गाल, मान आणि त्या बाजूचे केससुद्धा घ्या, कारण पिवळा उजेड त्यांच्यावरही पडलेला असतो. मग Temp हळूहळू निळ्याकडे न्या. ट्यूबलाइटची हिरवट झाक असेल तर Tint थोडा गुलाबीकडे.

3. झूम आउट करून दोन्ही गाल बघा, जुळले की मगच केस किंवा साडीचा रंग.

फक्त पिवळेपणा पूर्ण काढू नका, त्वचा राखाडी, आजारी दिसायला लागली की थोडं मागे या. आणि आयड्रॉपर दातांवर अजिबात नको, दात मुळात पिवळसर असतात, सगळा फोटो निळा पडतो.