"सध्या नको, माहिती पाठवून ठेवा": इथे आपण काय चुकतो

मी ठाण्यात हाउसिंग सोसायट्यांना सोलर विकतो. घोडबंदर रोड, मानपाडा, कधी खाडी ओलांडून ऐरोली. दिवसाला पंधरावीस फोन होतात आणि त्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "सध्या नको हो, व्हॉट्सअ‍ॅपवर माहिती पाठवून ठेवा". त्यातला "ठेवा" नीट ऐका. नुसतं "पाठवा" म्हणणारा माणूस वेगळा आणि "पाठवून ठेवा" म्हणणारा वेगळा, दुसऱ्याने मनातल्या मनात फोन ठेवून पण दिलेला असतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "हो सर, लगेच पाठवतो" म्हणून आपणच फोन ठेवणे. वाटतं की चला, लीड गरम आहे. पण समोरच्याचं "सध्या नको" कशामुळे आहे हे आपल्याला कळलेलंच नसतं. त्याला खरंच नको असेल, आत्ता तो बाजारात भाजी घेत उभा असेल, किंवा त्याला हवंय पण एकट्याच्या हातात काही नाही. सोसायटीत तर बहुतेक वेळा हे तिसरंच असतं, कारण सेक्रेटरी कितीही उत्साही असला तरी विषय कमिटीत जाणार, मोठा खर्च असेल तर जनरल बॉडीत जाणार. तिघांना तीन वेगळी उत्तरं लागतात आणि आपण सगळ्यांना एकच पीडीएफ ढकलतो.

याच्या उलट चूक म्हणजे "सर फक्त दोन मिनिटं" करून तिथेच पिच चालू करणे. हे करू नका. माणूस वैतागतो, आणि पुढच्या वेळी नंबर बघूनच कट करतो.

मग करायचं काय, तर आधी हो म्हणायचं आणि त्या होला एक प्रश्न जोडायचा, असा की ज्याचं उत्तर नसेल तर आपण धड माहिती पाठवूच शकत नाही. मी हे विचारतो: "पाठवतो काका, फक्त सांगा, तुम्ही स्वतः बघणार की कमिटीसमोर ठेवणार? त्याप्रमाणे पाठवतो." याला दहा सेकंद लागतात आणि माणसाला आपण पकडून ठेवलंय असं वाटत नाही. "तुमचं बजेट काय" किंवा "निर्णय कोण घेतं" असलं मात्र विचारू नका, ते उलटतपासणीसारखं लागतं.

मानपाड्याच्या एका सोसायटीत हेच झालं. दोन विंग, सात मजले. सेक्रेटरी काकांनी संध्याकाळी सातला ठरलेलं वाक्य टाकलं, मी प्रश्न विचारला, तर म्हणाले "कमिटीतच ठेवावं लागेल, २० तारखेला मीटिंग आहे, पण आत्ता गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलंय, त्यात हे कुठे". बघा, खरं कारण आलं बाहेर. आणि गंमत म्हणजे ज्या कारणाने ते "सध्या नको" म्हणत होते त्याच कारणासाठी त्यांना आत्ताच थोडी माहिती हवी होती. पॅनेलच्या स्ट्रक्चरचे पाय काँक्रीटच्या छोट्या ओट्यांवर बसतात, ते ओटे वॉटरप्रूफिंगच्या आधी बांधून घेतले तर कोटिंग त्यांच्या अंगावरून वर चढवता येतं, आणि नंतर सुचलं तर नवीन कोटिंगवर काम करायला लागतं, मग गळती झाली की सोलरवाला आणि वॉटरप्रूफिंगवाला एकमेकांकडे बोट दाखवतात.

फोनवर मी हे सगळं बोललो नाही. नऊच्या आत, म्हणजे त्यांना माझा आवाज आठवत असताना, हा मेसेज टाकला:

"काका नमस्कार, मगाशी बोललो त्याप्रमाणे कमिटीसाठी एक पान पाठवतोय. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले लाईट ज्या कॉमन मीटरवर आहेत त्यासाठी सोलर. आत्ता काही ठरवायची गरज नाही, फक्त वॉटरप्रूफिंगवाल्याला खालचा फोटो दाखवा, पॅनेलचे ओटे आधी केले तर नंतर कोटिंगला हात लागणार नाही. कॉमन मीटरच्या बिलाचा फोटो पाठवलात तर त्या पानावर तुमच्या सोसायटीचे आकडे टाकून देतो. नाहीतर २० च्या मीटिंगनंतर मी फोन करतो."

यात बिलाचा फोटो मागितलाय ना, तो सगळ्यात कामाचा. महावितरणच्या बिलावर मंजूर भार असतो, मागच्या महिन्यांचा वापर असतो, त्यावरून किती किलोवॅट बसवता येईल ते दिसतं. पण त्याहून मोठा फायदा असा की बिल शोधून फोटो काढून पाठवायचे कष्ट माणूस उगाच घेत नाही. "छान आहे, बघतो" याला मी काही किंमत देत नाही, बिल आलं की किंमत देतो.

तिसऱ्या दिवशी बिल आलं, महिन्याला साधारण २,३०० युनिट. १ किलोवॅटला आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला ११० ते १२० युनिट मिळतात, म्हणजे २० किलोवॅट, गच्चीवर अंदाजे २,००० चौरस फूट मोकळी जागा, आणि पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी, म्हणजे ३ लाख ६० हजार. एवढेच आकडे त्या पानावर. पावसाळ्यात युनिट कमी येतील हे पण लिहिलं, कारण कमिटीत एक तरी इंजिनिअर काका असतात आणि ते हेच विचारतात.

आता पीडीएफची चूक. मी स्वतः दोन वर्षं २३ पानांचं ब्रोशर पाठवायचो, पहिली सहा पानं आमचीच गाथा. एकदा ऐरोलीच्या एका सेक्रेटरींनी सरळ विचारलं, "यात आमची सोसायटी कुठाय?" लक्षात घ्या, सेक्रेटरीला ते पुढे कमिटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड करायचं असतं. मोबाईलवर झूम न करता वाचता आलं पाहिजे आणि तुम्ही बाजूला नसताना कळलं पाहिजे. पॅनेल मोनो आहे की बायफेशियल हे नंतर.

आणि फॉलोअप. "सर बघितलं का?" हा मेसेज टाकू नका, न बघितलेल्या माणसाला त्याने अपराधी वाटतं आणि तो आणखीनच गप्प बसतो. त्यापेक्षा त्याच्या कॅलेंडरला धरा. मी २१ ला फोन केला तेव्हा पहिला प्रश्न सोलरचा नव्हताच, "वॉटरप्रूफिंगवाला काय म्हणाला?" हा होता. काका दहा मिनिटं बोलले. ऑर्डर काही मिळाली नाही लगेच, दोन मेंबर गच्चीवर कपडे कुठे वाळत घालायचे म्हणून अडून बसले होते, पण ओटे बांधून घ्यायचं ठरलं आणि खर्चाचा विषय जनरल बॉडीच्या अजेंड्यावर गेला. ती वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणजे पुढचा फोन कधी करायचा ते मला आपोआप कळलं.

कधी कधी नको म्हणजे नकोच असतं. प्रश्नाला "तुम्ही पाठवा ना काहीतरी" असं उत्तर आलं, बिल नाही, तारीख नाही, दोनदा फोन उचलला नाही, की मी एक शेवटचा मेसेज टाकतो: "काका, तुमच्याकडे हा विषय सध्या नाही असं धरून मी फोन करणं थांबवतो. कधी गच्चीचं काम काढलंत तर आधी एक फोन करा, ओट्यांचं सांगून जाईन, त्याचे पैसे नाहीत." बरेच जण यावर नुसता अंगठा पाठवतात. अधूनमधून एखादा मात्र तासाभरात बिलाचा फोटो पाठवतो, तो पण तिरका आणि अर्धा कापलेला.