भीती दाखवायची नाही, ऐकवायची असेल तर या चुका टाळा

कोकणातलं घर, रात्रीचे दोन. सून पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली आहे. परसातल्या विहिरीवर कप्पी करकरते. सासूबाई पाणी काढत असणार असं समजून ती मागच्या दाराकडे तोंड करून म्हणते, "आई, एवढ्या रात्री कशाला पाणी काढताय?" आणि तिच्या पाठीमागून, माजघरातून, झोपेतला आवाज येतो, "काय गं, हाक मारलीस?"

कप्पी थांबते.

आमच्या नऊ मिनिटांच्या शॉर्टफिल्ममधला हा मुख्य प्रसंग. वाचून दाखवला तेव्हा ऐकणारे गप्प झाले होते. पहिला कट दाखवला तेव्हा मात्र कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. एकाने तर सुचवलं की विहिरीतून एखादा हात वर येऊ दे. तो हात घातला नाही, याचं मला आजही समाधान आहे. हाताने लोक दचकले असते आणि पुढच्या मिनिटाला सावरले असते. मला हवी होती ती दार उघडायच्या आधीची धाकधूक. ती का तयार होत नव्हती हे शोधायला आम्हाला दीड महिना लागला.

शांतता म्हणून आवाज बंद करणं

कप्पी थांबल्यावरची शांतता मी टाइमलाइनवर सगळे आवाज कापून केली होती. आठ सेकंद पूर्ण शून्य. फोनवर बघणाऱ्या दोघांनी त्याच जागी आवाजाचं बटण दाबलं. त्यांना वाटलं, इयरफोनची वायर सैल झाली.

खरं घर कधीच शून्य नसतं. माणसं झोपलेली असली तरी कौलं, झाडं, लांबचा रस्ता, फ्रिज यांची मिळून एक बारीक हवा असते. तिला रूम टोन म्हणतात आणि ती प्रत्येक जागेची वेगळी असते. शूटिंग संपल्यावर, सामान आवरायच्या आधी, माइक होता तिथेच ठेवून सगळ्यांनी एक मिनिट न हलता उभं राहायचं आणि ती रेकॉर्ड करायची. आम्ही हे विसरलो होतो, म्हणून त्या घरी पुन्हा जावं लागलं. दुसऱ्या घराचा रूम टोन लावून पाहिला होता, पण संवादाच्या प्रत्येक कटवर हवा बदलल्यासारखी ऐकू यायची.

रूम टोन आला तरी काम अर्धंच झालं होतं. शांतता जाणवते ती काहीतरी थांबल्यावर. पावसाची पागोळी, पंखा, रातकिडे, जे बराच वेळ चालू असतं त्याकडे कानाचं लक्ष नसतं. ते बंद पडलं की मग लक्ष जातं. आमच्या दृश्यात रातकिडे आधीपासून होतेच. जवळ कुणाची पावलं पडली, जमीन थरथरली की रातकिडे गप्प होतात, हे गावाकडच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून नव्या कटमध्ये कप्पी थांबल्यावर रातकिडे तीन सेकंद तसेच चालू ठेवले, मग विहिरीकडचे गप्प केले, आणि आणखी दोन सेकंदांनी दाराजवळचे. पडद्यावर सूनबाई फक्त उभी आहे, पण काहीतरी घराच्या दिशेने येतंय हे कुणाला सांगावं लागलं नाही. यासाठी रातकिड्यांचे दोन वेगळे ट्रॅक लागतात, एक लांबचा आणि एक जवळचा. एकच ट्रॅक हळूहळू कमी केला तर तो नुसता फेड वाटतो.

बाहेरचा आवाज कानाशी वाजवणं

कप्पीचा आवाज आम्ही दिवसा, रेकॉर्डर कप्पीपासून हातभर अंतरावर धरून घेतला होता. अतिशय स्वच्छ आला. तीच चूक ठरली. दृश्यात लावल्यावर कप्पी स्वयंपाकघरात, सूनबाईच्या डोक्यावर फिरतेय असं वाटायचं. आवाज नुसता हळू केला तर तो लांब जात नाही, हळू केलेला जवळचा आवाजच राहतो. लांबून, दाराआडून येणाऱ्या आवाजातला चिरका वरचा भाग गळून पडतो, आणि थेट आवाजापेक्षा भिंतींवरून फिरून आलेला आवाज जास्त असतो.

याचा सोपा उपाय म्हणजे आवाज पात्राच्या जागेवरून रेकॉर्ड करणं. दुसऱ्या खेपेला रेकॉर्डर स्वयंपाकघरात, सूनबाई उभी राहते तिथे तिच्या कानाच्या उंचीवर ठेवला, मागचं दार लावून कडी घातली आणि एकाला विहिरीवर पोहरा ओढायला लावला. मग दार चार बोटं उघडं ठेवून तेच, मग सताड उघडं ठेवून. तीन टेक, वीस मिनिटांचं काम. दार उघडतानाचा आवाजातला बदल एडिटमध्ये खोटा करावा लागला नाही. परत जाणं शक्य नसेल तर स्वच्छ आवाज स्पीकरवर एका खोलीत वाजवून बंद दाराआडून दुसऱ्या खोलीत रेकॉर्ड करा. नुसता फिल्टर लावण्यापेक्षा हे जास्त खरं वाटतं.

इथे आणखी एक गोष्ट. भीतीसाठी म्हणून खोल, गडगडता धप्प आवाज घालायचा मोह होतो. स्टुडिओतल्या स्पीकरवर तो छातीत जाणवतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून ते खालचे स्वर जवळपास येतच नाहीत, आणि शॉर्टफिल्म बघणारे बहुतेकजण फोनवरच बघतात. म्हणून भीतीचा आवाज करकर, खरवड, साखळीची किणकिण, ओलं पाऊल अशा मधल्या पट्टीतला निवडावा.

ओळख न करून देता आवाज वापरणं

मला सगळ्यात उशिरा कळलेली चूक हीच. आमच्या पहिल्या कटमध्ये कप्पीचा आवाज थेट रात्रीच यायचा. शहरात वाढलेल्या प्रेक्षकाला तो कप्पीचा आहे हेच कळत नव्हतं. कुणाला झोपाळा वाटला, कुणाला दार. ज्याला कप्पी कळली नाही, त्याच्या लेखी सासूबाईंच्या उत्तरात दचकण्यासारखं काहीच नाही.

आता हा आवाज तीनदा येतो. पहिल्यांदा पहाटे, सासूबाई विहिरीवर पाणी काढताना, कप्पी फ्रेममध्ये. दुसऱ्यांदा संध्याकाळी, सूनबाई चुलीशी आहे, कप्पी फक्त ऐकू येते आणि पाठोपाठ सासूबाई कळशी घेऊन आत येतात. इथे प्रेक्षक न कळत शिकतो की हा आवाज म्हणजे आई. तिसऱ्यांदा रात्री. सासूबाईंनी माजघरातून ओ दिली की ते शिकलेलं एका क्षणात खोटं ठरतं आणि प्रश्न उरतो की मग विहिरीवर कोण. दुसरी वेळ फक्त अकरा सेकंदांची आहे. ती काढून पाहिली, तर सगळा प्रसंग कोसळतो.

पात्राने लगेच दचकणं

सेटवर मी "आवाज!" असं ओरडायचो आणि आमची अभिनेत्री झटकन मान वळवायची. तिने तेवढंच करायचं होतं, दोष माझ्या सूचनेचा होता. पात्राने आवाजासरशी मान वळवली की प्रेक्षकाच्या वाट्याला काही उरत नाही. त्याने ऐकायच्या आधीच त्याला सांगितलं जातं की हे महत्त्वाचं आहे.

आवाज आधी प्रेक्षकाला मिळू द्या. आम्ही पुढच्या वेळी खरोखर कुणालातरी विहिरीवर उभं केलं आणि कप्पी कधी ओढायची ते त्याच्यावर सोडलं. ती भांडं तोंडाला लावत होती. कप्पी वाजली. ती पीतच राहिली. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा घोट गळ्याशी थांबला, भांडं खाली आलं, आणि मग डोळे दाराकडे गेले. मान तशीच. पहिल्या करकरीपासून नजरेपर्यंत जवळपास चार सेकंद. सेटवरचा तो आवाज नंतर बदलला, पण वेळ तीच ठेवली. आवाज कुठल्या बाजूचा हे तिच्या नजरेनेच कळतं. तो एकाच कानात ढकलू नका. इयरफोनवर तो टोचतो आणि फोनच्या स्पीकरवर दिशा कळत नाही.

सावकाश कॅमेरा म्हणजे सावकाश उलगडा असं समजणं

शेवटी ती दार उघडते. पहिल्या कटमध्ये दार पूर्ण उघडायचं आणि कॅमेरा बावीस सेकंद विहिरीकडे सरकत राहायचा. विहीर, दोर, कळशी, सगळं पहिल्या सेकंदालाच दिसलेलं. उरलेल्या एकवीस सेकंदांत नवं काहीच नव्हतं. लोक फोनची वरची पट्टी बघू लागले, किती मिनिटं उरलीत म्हणून.

उलगडा माहितीचा करायचा असतो. एका शॉटमध्ये एकच नवी गोष्ट, आणि ती आधीच्या गोष्टीहून जवळ आलेली. आता क्रम असा आहे. कडीवरचा तिचा हात. दार चार बोटं उघडतं, फटीतून फक्त काळोख. टॉर्चच्या उजेडात विहिरीचा दोर, अजून हलतोय. उजेड खाली येतो, ओल्या जमिनीवरून अंगणाकडे सरकतो. मग दाराची पायरी, तिच्यावर काठोकाठ भरलेली कळशी, पाणी अजून डचमळतंय. प्रत्येक शॉट तीन ते पाच सेकंदांचा. एकूण वेळ आधीपेक्षा कमीच, तरी बघणाऱ्यांना तो जास्त वाटतो.

फोनवर शूट करत असाल तर एक्स्पोजर आणि फोकस लॉक करायला विसरू नका. आमच्या पहिल्या दिवशीच्या टेकमध्ये टॉर्च बाजूला झाला की फोन आपोआप काळोख उजळवायचा, आणि जे लपवायचं तेच करड्या रंगात उघडं पडायचं. शिवाय फोनच्या कॅमेऱ्यात मागचंपुढचं बहुतेक सगळं फोकसमध्ये असतं, त्यामुळे धूसर करून लपवणं साधत नाही. दाराची चौकट, अंधार आणि फ्रेमची कड यांच्याआडच लपवावं लागतं.

संगीत आधी घालणं

थोडक्यात सांगतो. पार्श्वसंगीताशिवायचा कट पूर्ण तयार होऊन तो चालेपर्यंत संगीताला हात लावू नका. आमच्या पहिल्या कटमध्ये कप्पीच्या आधीच एक घुमणारा सूर सुरू व्हायचा, म्हणजे पहिल्या करकरीच्या आत सगळ्यांना कळलेलं असायचं की आता भ्यायचंय. रातकिडेही त्याखाली बुडून गेले होते. तो काढला आणि मगच ते ऐकू यायला लागले.

कट तपासताना आम्ही दोन गोष्टी करतो. आधी डोळे मिटून नुसतं ऐकायचं. गोष्ट कळली नाही तर आवाजांची ओळख कमी पडलीय. मग चित्रपट न पाहिलेल्या माणसाला फोनवर दाखवून कप्पी थांबते तिथे अडवायचं आणि "आवडलं का" न विचारता "आत्ता बाहेर कोण आहे असं वाटतं?" एवढंच विचारायचं. "सासूबाई" असं उत्तर आलं तर त्यांची ओ नीट ऐकू गेलेली नाही. "कुणीतरी आहे, पण कोण ते कळत नाही" असं आलं की दृश्य जागेवर आहे.

आमचा शेवटचा शॉट सूनबाईच्या चेहऱ्याचा आहे. ती पायरीवरच्या कळशीकडे बघतेय. बाहेरचे रातकिडे एकेक करून पुन्हा सुरू होतात, विहिरीकडचेही. आणि तिच्या मागे, स्वयंपाकघरात, कुणीतरी हंड्यात पाणी ओतू लागतं.