निवृत्तीचा खर्च तीन वह्यांत मांडा

आजच्या एकूण खर्चाला सरसकट ६ टक्के महागाई लावली की ऐंशीनंतरचा आकडा फार कमी निघतो. त्यापेक्षा असं करा:

१. वर्षभराचं बँक स्टेटमेंट घेऊन खर्चाचे तीन भाग पाडा: घर, औषधपाणी, प्रवास. विम्याचा हप्ता, घरपट्टी असे वार्षिक खर्च १२ने भागून त्यात धरा. कंपनीचा आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी निवृत्तीबरोबर संपतो, म्हणून स्वतंत्र पॉलिसीचा साठीच्या वयाचा हप्ता लिहा.

२. ७२ला महागाईदराने भागा, किती वर्षांत खर्च दुप्पट होईल ते कळतं. घरखर्च ६ टक्क्यांनी १२ वर्षांत, औषधपाणी १२ टक्क्यांनी ६ वर्षांतच.

साठीच्या जोडप्याचा महिन्याचा खर्च ५५ हजार समजा: घर ३५, औषधपाणी ८, प्रवास १२. बहात्तराव्या वर्षी घर ७० आणि औषधपाणी ३२ हजार होतं. प्रवास निम्म्यावर येतो, पण भाडी दुप्पट झाल्यामुळे १२ हजारच राहतो. चौऱ्याऐंशीला घर १ लाख ४०, औषधपाणी १ लाख २८, प्रवास शून्य.

३. प्रवासाच्या जागी आता मदतनीस येतो, हे हमखास विसरलं जातं. आज १५ हजार घेणारा तेव्हा ६० हजार घेईल. एकूण ३ लाख २८ हजार. सरसकट हिशेबात मात्र २ लाख २० हजारच दिसले असते.

१२ टक्के हा अंदाज आहे. दर दोन वर्षांनी स्वतःची औषधांची बिलं आणि हप्त्याची पावती पाहून तो बदला.