भाव बदलला, तरी वेबसाइटवर जुनाच दिसतोय? या चुका टाळा

हापूसच्या हंगामात भाव सारखा खाली-वर होत असतो. देवगडच्या एखाद्या बागायतदाराची वेबसाइट वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर असेल, तर तो भाव बदलायचं काम पेट्या भरून घेणाऱ्या माणसाकडेच येतं. त्याच्या हातून काही बिघडू नये, याची सोय साइट बनवतानाच करायला हवी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकच भाव अनेक ठिकाणी लिहून ठेवणं. समजा, पाच डझनांची पेटी 3,500 वरून 2,800 वर आली. ऑफिसातल्या ताईंनी प्रॉडक्टमध्ये जाऊन `Regular price` बदलली. पण पहिल्या पानावरच्या बॅनरच्या चित्रातच 3,500 छापलेले आहेत, आणि ‘आमचे दर’ या पानावर कुणीतरी तेच हाताने टाइप केलेत. मग गिऱ्हाईक फोन करून विचारतं, ‘खरा भाव कोणता?’ म्हणून आकडा फक्त प्रॉडक्टमध्ये ठेवा. बाकीच्या पानांवर प्रॉडक्टच दाखवा, 42 च्या जागी आपल्या प्रॉडक्टचा आयडी घालून:

```
[products ids="42"]
```

बॅनरवर आंब्याचा फोटो असू द्या, आकडा नको.

तरीही जुना भाव दिसला, तर आधी त्या आकड्यावर बोट दाबून तो सिलेक्ट होतो का पाहा. होत नसेल तर बहुधा तो चित्रात आहे. होत असेल तर इनकॉग्निटो विंडोत पान उघडा. तिथे नवा भाव आला तर दोष तुमच्या ब्राउझरच्या कॅशचा, म्हणजे त्याने साठवून ठेवलेल्या पानाच्या जुन्या प्रतीचा. लॉगिन असताना नवा आणि इनकॉग्निटोत जुना दिसला, तर साइटचा कॅश रिकामा करा. कॅश प्लगिन सहसा लॉगिन केलेल्यांना ताजं पान देतात, त्यामुळे ताईंना सगळं ठीक वाटतं आणि गिऱ्हाइकाला जुनंच दिसत राहतं. दोन्हीकडे जुना असेल, तर बहुधा तो हाताने टाइप केलेला आहे.

दुसरी चूक: सगळ्यांना `Administrator`चं लॉगिन. बातम्या लिहिणाऱ्याला `Author` पुरतं. तो स्वतःच्या पोस्ट आणि फोटो टाकू शकतो, पानांना हात लावू शकत नाही. भावासाठी `Shop manager` लागतो, पण त्याला ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि वूकॉमर्सची सेटिंग्जही खुली असतात. हे लॉगिन एकाच भरवशाच्या माणसाला द्या, आणि पासवर्ड वाटून वापरू नका. पानांच्या जुन्या आवृत्त्या परत आणता येतात, प्रॉडक्टचा भाव मात्र तसा परत येत नाही. म्हणून तारीख, जुना भाव, नवा भाव एवढं वहीत लिहून ठेवायला सांगा.

फोटोंच्या बाबतीत मोठी फाइल ही किरकोळ अडचण आहे. अपलोडआधी रुंदी 1600 पिक्सेलवर आणली की भागतं. खरा धोका मीडिया लायब्ररी ‘साफ’ करण्यात आहे. तिथे `Delete permanently` दाबलं की फोटो कचरापेटीत जात नाही, कायमचा जातो आणि तो जिथे जिथे लावलाय तिथे रिकामी चौकट उरते. जुना फोटो बदलायचा असेल तर नवा अपलोड करून पानावर निवडा, आणि लायब्ररीतला जुना तसाच राहू द्या.