मुदतीपूर्वी फ्रँचायझी सोडताना पत्र कसे लिहावे

फ्रँचायझी करार मुदतीआधी संपवण्याचे पत्र लिहायला बसणारा माणूस बहुधा आपल्या तक्रारींपासून सुरुवात करतो: माल वेळेवर आला नाही, जाहिरातीचे पैसे घेऊनही जाहिरात झाली नाही, शेजारच्या चौकात दुसरी शाखा दिली. या तक्रारी खऱ्या असतील, पण हे पत्र तारखेवर उभे राहते. करार कोणत्या दिवशी संपला हे एकदा पक्के झाले की कंपनीला रॉयल्टी कुठवर द्यायची, पाटी कधी उतरवायची आणि स्पर्धाबंदी, म्हणजे तसाच व्यवसाय न करण्याची अट, कोणत्या दिवसापासून मोजायची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच तारखेवरून निघतात.

भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ आणि तुमच्या सहीचा करार यांवरच मुख्यतः सगळे चालते. म्हणून आधी करारातील लॉक-इन, म्हणजे करार सोडता न येण्याचा सुरुवातीचा काळ, नोटीस, रॉयल्टी आणि करार संपल्यानंतरच्या जबाबदाऱ्या ही चार कलमे शोधून त्यांचे क्रमांक टिपून घ्यावेत, कारण पत्रातील प्रत्येक परिच्छेदात त्यांचा उल्लेख करावा लागतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिकमधील एका खाद्यपदार्थाच्या दुकानाचा करार १ जून २०२३ पासून पाच वर्षांचा आहे, लॉक-इन ३६ महिन्यांचे आहे आणि त्यानंतर ९० दिवसांची लेखी नोटीस देऊन कोणालाही बाहेर पडता येते. लॉक-इन ३१ मे २०२६ रोजी संपले आणि दुकानदाराने २ जूनला पत्र पाठवले, ते कंपनीला ५ जूनला मिळाले. पत्राच्या तारखेपासून मोजले तर ९० दिवस ३१ ऑगस्टला भरतात आणि पत्र पोचल्यापासून मोजले तर ३ सप्टेंबरला. करारात ‘नोटीस मिळाल्यापासून’ असे शब्द असतील तर दुसरीच तारीख खरी, आणि ३१ ऑगस्टला शटर ओढणारा दुकानदार शेवटचे तीन दिवस करारभंगात सापडतो. त्यामुळे पत्र कराराच्या नोटीस-कलमात दिलेल्या पत्त्यावरच स्पीड पोस्टाने पाठवावे, पोचल्याचा पुरावा जपावा, त्याच कलमात दिलेल्या ईमेलवरही धाडावे आणि पहिल्याच परिच्छेदात असे लिहावे: “करारातील कलम अमुक अन्वये मी ही नोटीस देत असून, ती आपणांस मिळाल्यापासून ९० दिवस पूर्ण होताच करार संपुष्टात येईल.”

लॉक-इन संपण्याआधीच बाहेर पडायचे असेल, तर करारात उरलेल्या महिन्यांची सगळी रॉयल्टी भरपाई म्हणून लिहिलेली असू शकते. करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा असते, तो आकडा आपोआप देय होत नाही. न्यायालय त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते. म्हणून अशा पत्रात ती रक्कम मान्यही करू नये आणि ते कलम अस्तित्वातच नसल्यासारखे गप्पही बसू नये. ‘प्रत्यक्ष नुकसानीचा तपशील मिळाल्यावर चर्चेस तयार आहे’ एवढे वाक्य पुरते.

आता रॉयल्टी. याच परिच्छेदात सर्वाधिक चुका होतात, कारण आपल्या सहीने ‘एवढे देणे आहे’ असे लिहिले की ती कायद्याच्या दृष्टीने कर्जाची कबुली ठरते आणि त्या दिवसापासून वसुलीची मुदत नव्याने सुरू होते. म्हणून मान्य रक्कम आणि वादातील रक्कम वेगवेगळी लिहावी. आपल्या उदाहरणात रॉयल्टी निव्वळ विक्रीच्या ६ टक्के किंवा दरमहा किमान २०,००० रुपये, यांपैकी जी जास्त ती आहे. एप्रिलची निव्वळ विक्री ४,१०,००० रुपये, म्हणजे रॉयल्टी २४,६०० रुपये. मेची विक्री ३,१०,००० रुपये, तिचे ६ टक्के १८,६०० होतात, पण किमान रकमेमुळे २०,००० द्यावे लागतात. दोन्ही मिळून ४४,६०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ८,०२८ रुपये, एकूण ५२,६२८ रुपये. कंपनीच्या बिलात मात्र एप्रिलची रॉयल्टी २५,८३० रुपये दिसते, कारण तिने ग्राहकाकडून घेतलेला ५ टक्के जीएसटीही विक्रीत धरला. हा १,२३० रुपयांचा फरक पत्रात एका ओळीत नोंदवावा आणि सोबत बिलिंग सॉफ्टवेअरचा मासिक अहवाल जोडावा.

मान्य रक्कम पत्रासोबतच भरून टाकलेली उत्तम. दोन लाखांचे डिपॉझिट कंपनीकडे आहे म्हणून आपणच त्यातून रॉयल्टी वळती करून घेणे धोक्याचे आहे. करारात तशी मुभा नसेल तर ती थकबाकीच ठरते आणि कंपनीला तुमच्या आधी, तुमच्याच चुकीवरून करार रद्द करण्याचे कारण मिळते. जून ते सप्टेंबरची रॉयल्टीही ठरल्या तारखांना भरत राहावी. डिपॉझिट किती दिवसांत परत हवे, तो दिवस करारातील कलमाप्रमाणे लिहावा आणि शेवटच्या हिशोबानंतर ‘काही देणे बाकी नाही’ असे प्रमाणपत्र मागावे.

पाटीबाबत उतावीळ होऊ नये. करार चालू असताना ग्लो-साइन बोर्ड उतरवला तर तो करारभंग. करार संपल्यानंतर तो लावून ठेवला तर व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ प्रमाणे चिन्हाचा अनधिकृत वापर. पत्रात पाटी उतरवण्याचा दिवस सांगावा, कंपनीच्या प्रतिनिधीला हजर राहण्यास कळवावे आणि कोणती वस्तू कोणाच्या मालकीची आहे याची यादी जोडावी. बोर्ड तुमच्या पैशांनी बनलेला असला तरी त्यावरचे चिन्ह कंपनीचेच असते; म्हणून तो भंगारवाल्याला देण्यापूर्वी चिन्हाचा भाग काढून कंपनीला द्यावा किंवा नष्ट करून फोटो ठेवावेत. भिंतीवरची पाटी दिसते म्हणून ती उतरते. मागे राहतात ती गूगल मॅप्सवरचे नाव, डिलिव्हरी ॲपवरील नोंद, बिलाचा मथळा, पिशव्या, कर्मचाऱ्यांचे टी-शर्ट आणि व्हॉट्सॲप बिझनेसचा फोटो. नंतरच्या नोटिसा बहुधा याच गोष्टींवरून येतात.

शेवटी स्पर्धाबंदी. समजा करारात ‘करार चालू असताना आणि संपल्यानंतर दोन वर्षे, पाच किलोमीटरच्या आत तत्सम व्यवसाय करणार नाही’ असे आहे. करार अधिनियमाचे कलम २७ व्यवसायावर बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरवते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या खटल्यात करार चालू असतानाची बंदी वैध मानली. करार संपल्यानंतरची बंदी मात्र सामान्यतः टिकत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा, की ९० दिवसांच्या नोटीसकाळात बंदी पूर्णपणे लागू असते. त्या काळात नव्या दुकानाची जाहिरात, पुरवठादाराशी करार किंवा नातेवाईकाच्या नावाने शेजारी गाळा घेणे टाळावे. पत्रात बंदी नव्याने मान्य करू नये: ‘कायद्याने लागू असतील तेवढ्याच जबाबदाऱ्या पाळीन, आणि आपल्या पाककृती, ग्राहकयादी व चिन्ह यांची गोपनीयता व हक्क जपेन’ असे लिहावे. ही गोपनीयता करार संपल्यावरही टिकते.

नंतर कंपनी तडजोडीचा मसुदा पाठवेल, तो वाचताना ‘गुडविल’, म्हणजे धंद्याचा नावलौकिक, हा शब्द शोधावा. कलम २७ ला गुडविलच्या विक्रीचा अपवाद आहे; दुकान आणि गुडविल मोबदला घेऊन कंपनीला विकल्याचे लिहून दिले, तर वाजवी हद्दीतील बंदी खरोखरच लागू होऊ शकते. अशा मसुद्यावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

आणखी एक कागद विसरला जातो. करारावेळी तारीख न टाकता दिलेले धनादेश पत्रात क्रमांकांसह लिहून परत मागावेत. पण देणे बाकी असताना बँकेला त्यांचे पैसे रोखायला सांगू नये, कारण धनादेश न वटल्याचा फौजदारी खटला त्यातूनच उभा राहतो.