या चुका टाळा: शॉर्ट सेलचा नफा-तोटा मांडताना

शॉर्ट सेलचा हिशेब विचारला की दहापैकी नऊ जण एकच ओळ लिहून पाठवतात: विकलं इतक्याला, परत घेतलं इतक्याला, फरक गुणिले शेअर. बाकीचे आकडे स्टेटमेंटमध्ये समोर दिसत असतात, पण ते किरकोळ म्हणून सोडून दिलेले असतात. शेअर आपला नाही, कुणाकडून तरी उधार आणून विकलाय, हे ध्यानात असतं तर असं झालं नसतं. उधारीला भाडं लागतं आणि उधारीच्या काळात मूळ मालकाला जे मिळायला हवं होतं ते भरून द्यावं लागतं. पुढच्या बहुतेक चुका या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

उधारीचं शुल्क पहिल्या दिवशीच्या दरानं धरणं

ही माझी सर्वात नावडती चूक, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

ओळखीच्या एकानं मध्यंतरी आपली शीट पाठवली. सोबत तक्रार होती, ‘‘दादा, नफा झालाय, तरी खात्यात पैसे कमी आहेत. ब्रोकरनं जास्त कापले.’’ त्यानं 200 शेअर 500 रुपयांना शॉर्ट केले होते आणि 60 दिवसांनी 470 ला कव्हर केले, म्हणजे परत विकत घेऊन उधारी फेडली. भावातून 6,000 रुपये सुटले. मधे शेअरमागे 12 रुपये लाभांश लागला, त्याचे 2,400 गेले. दोन्ही वेळची दलाली धरून 240. इथवर सगळं बरोबर होतं.

उधारीसाठी मात्र त्यानं शॉर्ट करताना स्क्रीनवर दिसलेला वार्षिक 18 टक्के दर घेतला, तो विक्रीच्या 1,00,000 रुपयांवर 60 दिवसांसाठी लावला आणि 2,959 रुपये काढले. त्यामुळे त्याच्या शीटमध्ये 401 रुपये नफा उरला.

यात चुका दोन आहेत. शुल्क विक्रीच्या रकमेवर लागत नाही, उधार शेअरच्या त्या-त्या दिवशीच्या बाजारभावावर लागतं. शिवाय दर कुणी बांधून दिलेला नसतो. उधार द्यायला शेअर कमी पडले की तो वाढतो, आणि आधीपासून उघड्या असलेल्या शॉर्टलाही नवा दर लागतो.

रोजचं स्टेटमेंट काढायला लावलं तेव्हा चित्र असं निघालं. पहिल्या 30 दिवसांत बंद भावाची सरासरी 520 आणि दर 18 टक्के, म्हणजे 1,539 रुपये. पुढच्या 30 दिवसांत भाव सरासरी 480 वर उतरला, पण दर 45 टक्क्यांवर गेला, म्हणजे 3,551 रुपये. दोन्ही मिळून 5,090. आता 6,000 मधून 2,400, 5,090 आणि 240 वजा करा: 1,730 रुपये तोटा. शेअर 6 टक्के पडला, अंदाज बरोबर ठरला, तरी पैसे गेले. ब्रोकरनं एक रुपयाही जास्त कापला नव्हता.

मी स्वतः एक साधी सवय ठेवतो. शॉर्ट उघडा असेपर्यंत रोज एक ओळ: बंद भाव, त्या दिवसाचा दर, त्या दिवसाचं शुल्क.

```
दिवसाचं शुल्क = शेअर × बंद भाव × वार्षिक दर / 365
```

शनिवार-रविवारच्या ओळीही लिहायच्या, कारण शुल्क सुट्टीतही चालू असतं. काही ब्रोकर 365 ऐवजी 360 नं भागतात. वरच्या उदाहरणात त्यानं 71 रुपयांचा फरक पडतो. काही जण बाजारभावाऐवजी त्याच्या 102 टक्के रक्कम धरतात. आपला ब्रोकर काय करतो ते करारात असतं, शॉर्ट करण्याआधी वाचायचं. ‘‘एवढं रोज कोण लिहिणार’’ म्हणणाऱ्यांनी निदान आठवड्याला तरी लिहावं, आणि तेही जमत नसेल तर उधारी महाग असलेल्या शेअरला हात लावू नये.

याच ओळींतून एक उपयोगी आकडा निघतो. आजवरचा एकूण खर्च भागिले शेअर. इथे तो 7,730 भागिले 200, म्हणजे 38.65. विक्रीच्या भावातून तो वजा केला की 461.35 उरतात. त्या दिवशी याच्या खाली कव्हर झालं असतं तरच नफा होता. हा भाव रोज थोडा खाली सरकतो. कव्हर कधी करायचं हे ठरवताना मी 500 कडे बघतच नाही, याच आकड्याकडे बघतो.

लाभांश दोनदा वजा करणं

पहिली चूक आळशी लोकांची, ही हुशार लोकांची.

तुम्ही विकलेला शेअर ज्यानं घेतला त्याला लाभांश कंपनीकडून मिळतो. ज्यानं शेअर उधार दिला तोही लाभांशाचा हक्क सोडत नाही. कंपनी एका शेअरवर एकदाच देणार, म्हणून उधार देणाऱ्याचे पैसे तुमच्या खात्यातून जातात. हे समजल्यावर माणूस चार्ट उघडतो, जुने भाव घेतो आणि त्यातून लाभांश वजा करतो. घोटाळा असा की पुष्कळ चार्टवरचे जुने भाव लाभांशासाठी आधीच खाली आणलेले असतात.

ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही ती एक्स-डेट. वरच्याच सौद्यात तिच्या आदल्या दिवशी बंद भाव 492 होता. अशा चार्टवर त्याआधीचे सगळे भाव 12 भागिले 492 या प्रमाणात कमी दिसतात, म्हणून 500 ची विक्री 487.80 ला झाल्यासारखी दिसते. तिथून 470 पर्यंतचा फरक 17.80 रुपये, 200 शेअरवर 3,560. खऱ्या हिशेबात 6,000 वजा 2,400 म्हणजे 3,600 येतात. किरकोळ फरक सोडला तर लाभांश चार्टनं आधीच कापलाय. आता त्यातून पुन्हा 2,400 काढले की उरतात 1,160 आणि सौदा आहे त्याहून वाईट वाटायला लागतो.

भाव नेहमी ब्रोकरनं सौद्यानंतर पाठवलेल्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून घ्यावा. चार्ट बघायला असतो.

लाभांश ‘‘जास्तीचा तोटा’’ आहे असं म्हणून एक्स-डेटच्या आधी घाबरून कव्हर करणारेही भेटतात. एक्स-डेटला भाव साधारण लाभांशाइतका उतरूनच उघडतो, म्हणजे एका हातानं दिलेलं दुसऱ्या हाती बरंचसं परत येतं. तरीही कव्हर करायचं असेल तर आदल्या दिवशी बाजार बंद होण्याआधी करा. एक्स-डेटच्या सकाळी केलेल्या कव्हरनं काही वाचत नाही, लाभांश द्यावाच लागतो.

बाकीच्या, थोडक्यात

कव्हर झालं म्हणून हिशेब बंद करू नका. लाभांश कंपनी ज्या दिवशी वाटते त्याच दिवशी तुमच्या खात्यातून जातो, आणि तो दिवस कव्हरनंतर काही आठवड्यांनी येऊ शकतो. एक्स-डेट ओलांडली की मी ती रक्कम लगेच देणं म्हणून लिहून ठेवतो.

शेअर विभागला किंवा बोनस आला तर परत करायच्या शेअरची संख्याही त्याच प्रमाणात वाढते. जुन्या संख्येनं गुणू नका.

विक्रीच्या रकमेवर ब्रोकर व्याज देत असेल तर ते मिळकतीत धरा, पण स्टेटमेंट नीट वाचून. काही ठिकाणी व्याज आणि उधारीचं शुल्क यांची वजाबाकी करून एकच आकडा छापलेला असतो. त्यातून शुल्क पुन्हा काढलं तर तेही दोनदा वजा होतं.

टक्केवारी काढताना 1,00,000 नं भागणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडलंय. ती रक्कम तुमची गुंतवणूक नाही, परक्याचा शेअर विकून आलेली आहे. तुमचं अडकलेलं भांडवल म्हणजे ब्रोकरकडे तारण म्हणून ठेवलेलं मार्जिन, आणि भाव 520 ला गेला तेव्हा भरलेलं वाढीव मार्जिनही त्यात येतं.