तिळाचा बायॉप्सी रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

रिपोर्टचं पाकीट उघडलं की बहुतेकांची नजर आधी मार्जिनच्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेच्या, ओळीवर जाते. ‘फ्री’ दिसलं की सुटलो, ‘इन्व्हॉल्व्ह्ड’ दिसलं की कॅन्सर पसरला. हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. आधी निदानाची ओळ वाचा, मगच मार्जिनची.

समजा, कागलच्या एका काकांच्या पाठीवरचा तीळ काढला आणि कोल्हापूरच्या लॅबमधून रिपोर्ट आला: ‘डिस्प्लास्टिक नीव्हस, मॉडरेट एटिपिया. बाजूचं मार्जिन इन्व्हॉल्व्ह्ड, खालचं फ्री.’ घरात रडारड होते. पण डिस्प्लास्टिक नीव्हस हा कॅन्सर नाही. तो रचना थोडी बिघडलेला तीळच असतो, आणि पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते एटिपिया सांगतो. कडेला त्याच्या पेशी राहिल्या एवढंच मार्जिन सांगतं. त्या जागी डोळ्यांना तीळ उरलेला दिसत नसेल, तर मॉडरेटमध्ये डॉक्टर अनेकदा नुसतं लक्ष ठेवतात. ‘सिव्हिअर’ लिहिलं असेल तर मात्र सहसा पुन्हा थोडी कातडी काढतात, कारण तो आणि सुरुवातीचा मेलानोमा, म्हणजे कातडीचा एक घातक कॅन्सर, यांत फरक करणं पॅथॉलॉजिस्टलाही अवघड जातं.

आता उलटी बाजू. रिपोर्टमध्ये ‘मेलानोमा इन सिटू, मार्जिन फ्री’ आहे आणि घरचे म्हणतात, निघालं सगळं, आता कशाला ऑपरेशन? ही चूक महागात पडते. इन सिटू म्हणजे कॅन्सरच्या पेशी कातडीच्या वरच्या थरातच आहेत, खाली उतरलेल्या नाहीत. म्हणून तो वेळेत पूर्ण काढला तर बरा होण्याची शक्यता फार चांगली असते. पण त्यासाठी व्रणाभोवतीची साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर निरोगी दिसणारी कातडीही काढावी लागते, मार्जिन फ्री असलं तरी.

याचं कारण तपासणीच्या पद्धतीत आहे. फॉर्मॅलिनमधून आलेल्या तुकड्याच्या कडांना शाई लावतात आणि पावाच्या स्लाइससारखे काप घेतात. काचपट्टीवर शाईला पेशी टेकलेल्या दिसल्या तर इन्व्हॉल्व्ह्ड, नाहीतर फ्री. दोन कापांमधली बरीचशी कड कुणी पाहिलेलीच नसते. त्यातून कडेपासून जरा लांब, कातडीत तुरळक पेशी असू शकतात.

आणखी एक: तिळाचा फक्त तुकडा पंचने, म्हणजे छोट्या गोल पात्याने, घेतला असेल, तर मार्जिन इन्व्हॉल्व्ह्ड येणारच. तीळ तर अजून जागेवरच आहे! अशा रिपोर्टमध्ये मार्जिनवर डोकं खपवू नका. उरलेल्या भागात वेगळं काही असू शकतं का, हे डॉक्टरांना विचारा.

तळव्यावरच्या काळ्या डागाला चप्पल घासल्याचा डाग समजून सोडू नका. आपल्याकडे मेलानोमा तळव्यावर बऱ्याचदा सापडतो. बायॉप्सीच्या फॉर्मवर जागा नीट लिहिली आहे ना, ते पाहा. सिव्हिअर किंवा इन सिटू आलं, तर लॅबकडून काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ते दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात, नुसत्या कागदावरून त्यांना मत देता येत नाही.